पट्टीचा फोटो काढला म्हणजे हिशोब लागला असं नाही



उन्हाळ कांद्याच्या गाड्या सुरू झाल्यापासून ऑफिसच्या फोनवर रोज वीस-पंचवीस पट्ट्यांचे फोटो येतात. फोटोखाली दोनच शब्द असतात, "नोंद करा." काही जणांच्या फोटोत पट्टीपेक्षा अंगठा मोठा असतो, पण तो भाग सोडा. मला आज वेगळं सांगायचं आहे. माझं स्पष्ट मत असं आहे की तुमच्या पट्टीची नोंद ऑफिसने करू नये, तुम्हीच करावी, आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी करावी. यात ऑफिसला आळस आलाय असं समजू नका. मागच्या महिन्यात एका सभासदाच्या खात्यात काय झालं ते वाचा, मग बोला. त्यांना विचारून लिहितोय. त्यांचं, व्यापाऱ्याचं आणि बाजार समितीचं नाव मुद्दाम देत नाही.

हे भाऊ तावातावाने ऑफिसला आले. वहीत त्यांनी लिहिलं होतं, "कांदा १ ट्रॉली, ३३,४३७." बँकेतही तेवढेच जमा झालेले. पण पट्टीच्या फोटोत खाली निव्वळ रक्कम ३८,४३७ दिसत होती. म्हणजे सरळ पाच हजार रुपये कमी. व्यापाऱ्याने पाच हजार खाल्ले असं त्यांचं म्हणणं, आणि दोन-तीन जण सोबत घेऊन जायची तयारी झालेली.

मी म्हटलं, जाऊ, पण आधी तक्ता भरू. पट्टी होती, काट्याची पावती होती, दोन्हींचे फोटो मोबाईलमध्ये होते. अर्ध्या तासाचं काम. ते करता करता दोन गोष्टी बाहेर आल्या. पाच हजार कुणी खाल्ले नव्हते. लिलावाच्या दिवशी ट्रॉली भरणाऱ्या मजुरांना आणि डिझेलला म्हणून भाऊंनीच व्यापाऱ्याकडून पाच हजार रोख उचलले होते. त्यांच्या ध्यानात नव्हतं, घरी फोन लावला तेव्हा वहिनींनी सांगितलं. पण दुसऱ्याच जागी त्यांचे पाचशे सतरा रुपये खरोखर कमी आले होते, आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. ज्या गोष्टीसाठी भांडायला निघाले होते ती चूक नव्हती, आणि जी चूक होती ती दिसत नव्हती.

आता ती पट्टी नीट बघू.

भुईकाट्याच्या पावतीवर तीन आकडे होते. भरलेली गाडी ६,४८० किलो, रिकामी ३,६४० किलो, निव्वळ २,८४० किलो. म्हणजे २८ क्विंटल ४० किलो. लिलावात भाव लागला १,४५० रुपये क्विंटल. खळ्यावर गाडी खाली होताना व्यापारी म्हणाला की तळाला गोल्टी आहे. ३४० किलो गोल्टी बाजूला काढून तिला ९०० भाव धरला. हे आपल्याकडे नेहमीचंच आहे.

हिशोबपट्टीवर मात्र असं लिहिलेलं होतं: कांदा २४.६४ क्विंटल, भाव १,४५०, रक्कम ३५,७२८. गोल्टी ३.४० क्विंटल, भाव ९००, रक्कम ३,०६०. एकूण ३८,७८८. हमाली, तोलाई, वाराई मिळून वजा ३५०.५०. निव्वळ देणे ३८,४३७.५०, वरचे पन्नास पैसे सोडून ३८,४३७.

गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर. कॅल्क्युलेटर घेऊन कितीही वेळा तपासा, पट्टी पास होते. आता २४.६४ आणि ३.४० यांची बेरीज करा. २८.०४ येते. काट्यावर २८.४० होते. मुनिमाने पावतीवरून आकडा उतरवताना शून्य आणि चार यांची जागा बदलली आणि त्यातून गोल्टी वजा केली. ३६ किलो कांदा कागदावरून गायब. ३६ किलोचे १,४५० भावाने ५२२ रुपये होतात, त्यावरची साडेचार रुपये कपात वजा केली तर ५१७.५० राहतात. मी याला चोरी म्हणत नाही. दिवसाला शेकडो गाड्यांच्या पट्ट्या फाडणाऱ्या माणसाची ती हातघाई आहे. पण पैसे तर तुमचेच गेले ना.

म्हणून माझा आग्रह आहे की तक्त्यात वजन हिशोबपट्टीवरून एकदा आणि काट्याच्या पावतीवरून एकदा, असं दोन वेळा आलं पाहिजे. बहुतेक जण फक्त हिशोबपट्टीचा फोटो पाठवतात, काट्याची पावती शर्टाच्या खिशात घाम पीत राहते. ती पावती गरमीने छापणाऱ्या कागदाची असते. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की काही दिवसांत पांढरी फटक पडते. तिचा फोटो काट्यावरून उतरल्या उतरल्या काढा. सावलीत, सपाट जागेवर, वरून सरळ. काढल्यावर बोटांनी मोठा करून दशांश चिन्ह आणि पट्टी क्रमांक वाचता येतो का ते तिथेच बघा. घरी आल्यावर अंधुक निघाला तर उपयोग नाही. आणि ऑफिसला पाठवायचा असेल तर साधा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि बारीक आकडे फुटतात.

फोटोवरून आकडे आपोआप उचलून देणारी सोय हल्ली बऱ्याच मोबाईलमध्ये आहे. छापील पावतीला ती ठीक चालते. हाताने लिहिलेल्या पट्टीला मी वापरत नाही. आपला मराठी १ ती ९ म्हणून उचलते, आणि निळ्या कार्बनमध्ये दशांश चिन्ह तर पुष्कळदा दिसतच नाही. २८.४० चे २८४० झाले तर लगेच कळतं, पण १,४५० चे ९,४५० न होता १,४५९ झाले तर कुणाला कळणार? आठ-दहा आकडे आहेत, हाताने टाका.

आता तक्ता. कंपनीने सगळ्यांना पाठवलेल्या गुगल शीटमध्ये दोन पानं आहेत, "विक्री" आणि "पैसे". विक्रीच्या पानावर A मध्ये पट्टी क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये माल, D मध्ये क्विंटल, E मध्ये भाव, F मध्ये रक्कम, G मध्ये काट्याचे निव्वळ किलो आणि H मध्ये पट्टीवरची एकूण कपात. एका पट्टीवर दोन भाव असतील तर दोन ओळी करा, दोन्ही ओळींना पट्टी क्रमांक तोच. G आणि H फक्त पहिल्या ओळीत भरा. भावाची सरासरी काढून एका ओळीत कोंबू नका. वरच्या पट्टीत सरासरी काढली असती तर १,३८३ की काहीतरी आलं असतं, आणि गोल्टीत किती गेलं ते वर्षाअखेर कुणालाच सांगता आलं नसतं.

F मध्ये पट्टीवरची रक्कम टाइप करायची नाही. ती शीटने काढायची:

```
=D2*E2
```

आलेला आकडा पट्टीशी जुळतो का ते मग बघायचं. पट्टीवरची रक्कम आधी टाइप केली की डोळा तिच्यावर विश्वास ठेवतो आणि तपासणी होतच नाही.

वजनाचा फरक I मध्ये:

```
=G2/100-SUMIF(A:A,A2,D:D)
```

याचा अर्थ, काट्याचे किलो भागिले शंभर, वजा त्या पट्टी क्रमांकाच्या सगळ्या ओळींचे क्विंटल. उत्तर शून्य आलं तर वजन जुळलं. भाऊंच्या पट्टीला इथे ०.३६ आला. त्या एका आकड्याने सगळं उघड केलं.

एक सावधगिरी. मराठी कीबोर्डवरून "२८.४०" टाकलं तर शीट त्याला बहुतेक वेळा आकडा न समजता अक्षरं समजते आणि हिशोब चुकतो. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा चौकटीत उजवीकडे चिकटला तर ठीक, डावीकडे चिकटला तर इंग्रजी आकड्यांनी पुन्हा टाका.

आणि भाव कशाचा आहे ते एकदा वाचा. कांद्याचा क्विंटलचा असतो म्हणून आपण गृहीत धरतो, पण काही बाजारांत पट्टीवर दहा किलोचा भाव लिहितात, टोमॅटोचा क्रेटवर असतो. तक्त्यात सगळं क्विंटलवर आणूनच टाका.

रिकाम्या गाडीच्या वजनाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे कुणी बघतच नाही. तुमचा ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच, मग रिकामं वजन दर खेपेला जवळपास तेवढंच यायला हवं. टाकीतलं डिझेल, टायरला लागलेला चिखल याने थोडं खालीवर होईल. ड्रायव्हर भरताना खाली उतरला आणि रिकामी करताना वर बसला तर त्याचंच साठ-सत्तर किलो वजन तुमच्या कांद्यातून गेलं. दोन्ही वेळा वर किंवा दोन्ही वेळा खाली, हे ड्रायव्हरला पक्कं सांगून ठेवा. बरेच भुईकाटे दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, त्यामुळे दहा-वीस किलोच्या फरकासाठी काट्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण नेहमी ३,६४० भरणारी गाडी एखाद दिवशी ३,७८० भरली तर तिथेच थांबा आणि पुन्हा तोलायला सांगा. यासाठी काही वेगळं करायचं नाही. शीटच्या शेवटच्या रकान्यात शेरा म्हणून "रिकामी ३६४०" एवढं लिहीत जा. चार खेपांनंतर तुमच्या गाडीचं वजन तुम्हाला तोंडपाठ होईल.

आता पैशाकडे येऊ. ऑफिसला नोंद करता येत नाही असं मी म्हणतो त्याचं खरं कारण इथे आहे. पट्टीवर "निव्वळ देणे" असतं, "दिले" नसतं. त्या पाच हजारांची उचल कुठल्याच फोटोत नव्हती. ती फक्त भाऊंना आणि व्यापाऱ्याला माहीत होती, आणि भाऊ विसरले. ऑफिसने फोटोवरून नोंद केली असती तर तक्त्यात ३८,४३७ लिहिलं गेलं असतं, बँकेत ३३,४३७ दिसलं असतं, आणि आम्हीही तुमच्यासोबत भांडायला गेलो असतो.

म्हणून "पैसे" पानावर प्रत्येक वेळचे पैसे वेगळ्या ओळीत. A मध्ये तोच पट्टी क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये रोख की चेक की खात्यावर, D मध्ये रक्कम. चेक असेल तर चेकवरची तारीखही शेऱ्यात लिहा. बाजार आवारात पेमेंट चोवीस तासांत व्हावं असा नियम आपण बोर्डावर वाचतो, पण आठ-पंधरा दिवस पुढची तारीख टाकलेला चेक घेऊन आलेला सभासद मला दर आठवड्याला भेटतो. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. ट्रंकेत ठेवून विसरलात तर बँक परत करेल. आणि चेक हातात आला त्या दिवशी नव्हे, खात्यात जमा झाला त्या दिवशी "पैसे" पानावर ओळ टाका. हातातला चेक म्हणजे अजून येणंच आहे.

बाकी किती ते विक्रीच्या पानावर J मध्ये दिसतं:

```
=SUMIF(A:A,A2,F:F)-H2-SUMIF('पैसे'!A:A,A2,'पैसे'!D:D)
```

भाऊंच्या पट्टीचं उत्तर आलं ०.५०. म्हणजे पट्टीप्रमाणे फक्त पन्नास पैसे बाकी. पाच हजारांचं भांडण तिथेच संपलं. वजनाच्या रकान्यातले ०.३६ मात्र उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले, कुणाला सोबत न घेता. काट्याच्या पावतीचा फोटो दाखवला. मुनिमाने पावती क्रमांक आपल्या पुस्तकाशी ताडून पाहिला आणि ५१७ रुपये रोख दिले. दहा मिनिटं लागली. तक्त्यात आम्ही जुनी ओळ खोडली नाही. त्याच पट्टी क्रमांकाची आणखी एक ओळ टाकली, "वजन दुरुस्ती, ०.३६, १,४५०", H मधली कपात ३५५ केली, आणि "पैसे" पानावर ५१७ ची ओळ वाढवली. खोडाखोड केली की पुढच्या वर्षी काय झालं होतं ते आठवत नाही.

यात एक गोष्ट सुटली नाही, तीही सांगतो. लिलावात १,४५० भाव सगळ्या गाडीला लागला होता. गोल्टीचे ९०० खळ्यावर ठरले. ३.४० क्विंटलवर साडेपाचशेचा फरक, म्हणजे १,८७० रुपये. वजनाच्या चुकीपेक्षा साडेतीनपट मोठी रक्कम. पण तिथे तक्ता काही करू शकत नाही, कारण भाऊंनी त्या वेळी मान डोलावली होती आणि गाडी रिकामी झाली होती. वांधा घालायचा तर गाडी खाली होत असताना, बाजार समितीच्या माणसाला बोलावून घालायचा. घरी आल्यावर, शीट उघडून, वांधा घालता येत नाही. गोल्टी खरोखर तेवढी होती की नाही, हे त्या ढिगासमोर उभं राहूनच ठरतं. तक्त्यात मात्र लिलावाचा भाव शेऱ्यात लिहून ठेवा. दहा गाड्या झाल्यावर कोणत्या खळ्यावर नेहमीच गोल्टी जास्त निघते ते तुम्हालाच दिसेल.

काही जण म्हणतात, भावच नाही तर हिशोब लिहून काय करायचं. या बोलण्यामागचा राग मला समजतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला होता, सगळ्यांनी पेपरात वाचलं. पण हे आपल्याला कळलं कसं? त्या पट्टीवर एक रुपया किलोने ५१२ रुपये वर आणि भाडे, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपयांच्या वरची कपात खाली, असं वेगवेगळं लिहिलेलं होतं म्हणून. वहीत कुणी नुसतं "कांदा, २ रुपये" लिहिलं असतं तर त्यातून काय समजलं असतं? भाव पडला की भाडं वाढलं, हे सुद्धा कळलं नसतं. तुमची "३३,४३७" ही नोंद त्याच जातीची आहे, फक्त रक्कम मोठी म्हणून बोचत नाही. तिकडे पट्टीत भाडं कापतात, आपल्याकडे स्वतःची ट्रॉली असते म्हणून ते पट्टीवर येत नाही. ते डिझेल शेऱ्यात लिहा, विक्रीच्या कपातीत मिसळू नका.

त्याच वर्षी सरकारने फेब्रुवारी आणि मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. अर्जासोबत विक्रीची मूळ पट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा मागितला होता. तेव्हा गावोगाव लोक गोणपाटाखालून, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधून पट्ट्या शोधत होते. कुणाची पट्टी ड्रायव्हरच्या नावाने निघाली, कुणाची नुसत्या आडनावाने. म्हणून पट्टी फाडताना मुनिमाला सातबाऱ्यावरचं पूर्ण नाव सांगा, आणि फोटो असला तरी कागद फेकू नका. मूळ पट्ट्या तारखेप्रमाणे एका फाईलला लावा.

ऑफिस यात काय करेल तेही लिहितो. दर बुधवारी दुपारी चार ते सहा मी ऑफिसला बसतो. पहिली पट्टी तुमच्यासमोर मी भरून दाखवीन, दुसरी तुम्ही भरायची. येताना काट्याची पावती, हिशोबपट्टी आणि पासबुक घेऊन या. घरात हिशोब ज्या ताई किंवा वहिनी बघतात त्यांना सोबत आणा, कारण रोख किती उचलली होती ते बहुतेक वेळा त्यांनाच आठवतं. I च्या रकान्यात शून्याऐवजी दुसरं काही आलं असेल तर बुधवारची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. मुनिमाचं पुस्तक ताजं आहे तोवर दुरुस्ती दहा मिनिटांत होते, महिना उलटला की तोच माणूस तुम्हाला चार चकरा मारायला लावतो.